‘फॉल इथंच लावून मिळतो का?’ असं विचारलं की पुढची साडी उघडू नकोस

*काकू, मी शहापुरात मामांच्या साडीच्या दुकानात दोन वर्षं गादीवर बसतोय. साड्यांची माहिती आता बरी आहे, बोलायलाही लाजत नाही. पण बस्त्याचं गिऱ्हाईक आलं की तीस-चाळीस साड्या उघडून होतात, सगळे ‘छान आहे, छान आहे’ म्हणतात आणि शेवटी ‘जरा फिरून येतो’ म्हणून उठतात. मामा म्हणतात, ‘तू बिलाचा विषयच काढत नाहीस, गिऱ्हाईक सोडतोस.’ काढला की माझाच आवाज मला खोटा वाटतो, गळ्यात मारतोय असं वाटतं. गिऱ्हाईक घेणार आहे हे नेमकं कधी कळतं? आणि तेव्हा काय बोलायचं?*
*— एक वाचक, शहापूर, बेळगाव*

बाळा, तुझा आवाज खोटा वाटतो तो शब्दांमुळे नाही, वेळेमुळे. ‘मग बांधू का?’ एवढंच तर विचारायचं असतं. बाईचं मन साडीवर बसलेलं असेल तर हे शब्द तिला मदतीचे वाटतात. बसलेलं नसेल तर पाठीत हात घालून ढकलल्यासारखे वाटतात, तिला आणि तुलाही. म्हणून बोलायची वाक्यं मागाहून. आधी कान आणि डोळे कुठं ठेवायचे ते सांगते. मी लग्नाच्या साड्यांच्या गादीवर एकवीस वर्षं बसले आहे आणि त्यातली पहिली चार-पाच वर्षं मी तुझ्यासारखीच साड्यांचे ढीग लावत होते.

गिऱ्हाईक काय विचारतंय ते ऐक. सुरुवातीला सगळे प्रश्न साडीचे असतात. ह्यात दुसरा रंग आहे का, जर कसली, किंमत काय, हे कापड चुरगळतं का. हे प्रश्न बघायला आलेली बाईसुद्धा विचारते आणि घ्यायला आलेलीसुद्धा, त्यावरून काही कळत नाही. मग कधीतरी प्रश्न बदलतो. तो साडीचा न राहता साडी घरी गेल्यावरचा होतो. ‘फॉल इथंच लावून मिळतो का?’ ‘ब्लाऊज ह्यातलाच निघतो की वेगळा घ्यायचा?’ ‘घरी धुतली तर चालेल?’ ‘सासूबाईंना नाही आवडली तर बदलून द्याल?’ ‘बिल व्हायला वेळ लागेल का ओ, चंदगडची गाडी गाठायची आहे.’ हे विचारणारी बाई मनातल्या मनात ती साडी नेसून झालेली असते. जी साडी आपण घेणार नाही तिच्या फॉलची चौकशी कुणी करत नाही.

आता ह्या प्रश्नाला तू काय उत्तर देतोस ते आठव. बहुतेक ‘हो, मिळतो की’ म्हणतोस आणि हात पुढच्या साडीकडे जातो. माझं हेच व्हायचं. एकदा खानापूरकडची एक आई आली होती, मुलीच्या साखरपुड्यासाठी. सातवी-आठवी साडी असेल, लिंबू रंगाची, हिरव्या काठाची. तिनं विचारलं, ‘फॉल-पिको करून बुधवारपर्यंत मिळेल?’ मी म्हटलं, ‘मिळेल हो, आणि ही बघा, ह्याच किमतीत कालच आलेली,’ आणि आकाशी उघडली. आकाशी खरंच सुंदर होती. बाई बघत राहिली. मग लिंबू चांगली की आकाशी यावर मुलगी आणि आई यांच्यात बोलणं सुरू झालं, मग वडिलांना फोन, मग ‘दोन्ही लक्षात ठेवते, फिरून येते.’ आली नाही. मालक मला रागावले नाहीत, पण रात्री घरी गेल्यावर माझं मलाच कळलं. तिनं मला तारीख सांगितली होती. बुधवार म्हणाली होती. मी फक्त चिठ्ठीवर बुधवार लिहायचा होता.

घरी गेल्यावरचा प्रश्न आला की त्याला ‘हो’ म्हणून थांबायचं नाही आणि दुसऱ्या विषयाकडेही जायचं नाही. त्याच प्रश्नाची पुढची पायरी विचारायची. ‘फॉल लावून मिळतो का?’ तर ‘हो, तुम्हाला कधीपर्यंत पाहिजे?’ ‘ब्लाऊज ह्यातलाच का?’ तर ‘ह्यातलाच, ८० सेंटीमीटर आहे. बाही केवढी शिवणार?’ ‘धुवायची कशी?’ तर ‘पहिल्यांदा ड्रायक्लीनला द्या. रोजच्या नेसण्यातली हवी की समारंभाचीच?’ तिनं ‘बुधवारी’ म्हटलं, ‘कोपरापर्यंत’ म्हटलं, की साडी विकली गेली. ‘घेताय ना?’ हा प्रश्न विचारायचीच वेळ येत नाही. तू चिठ्ठी ओढून लिहायला लागायचंस. ‘बुधवार संध्याकाळ लिहितो, नाव काय लिहू?’ बिलाचा विषय काढायचा म्हणजे एवढाच. तो तू काढत नाहीस, तिनंच काढलेला असतो, तू पुढं नेतोस. म्हणून तो गळ्यात मारल्यासारखा वाटत नाही.

आणि ह्यात खोटेपणाला जागाही राहत नाही. ब्लाऊजचंच बघ. साडीला जोडून आलेल्या ८० सेंटीमीटरमध्ये बारीक बांध्याच्या मुलीची अर्धी बाही आरामात बसते. अंगानं भरलेली बाई असेल आणि कोपरापर्यंत बाही हवी असेल तर मीटरभर कापड लागतं. ते तेव्हाच सांगायचं. ‘ह्यात बसणार नाही, काठाच्या रंगाचं कापड वेगळं घेऊ.’ शिलाई मास्तरकडे गेल्यावर तिला हे कळलं तर ती तुझ्या गादीवर परत बसणार नाही. सांगितलंस तर ती साडी सोडत नाही, उलट कापड बघायला मागते.

शब्दांच्याही आधी हात बोलतात. ‘छान आहे’ ह्या शब्दाला आपल्याकडे काहीही किंमत नाही. आपली माणसं तोंडावर वाईट म्हणत नाहीत. दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून चाळीस साड्यांना चाळीस वेळा ‘छान आहे’ म्हणतील. हात मात्र भिडेस पडत नाही. नको असलेली साडी बाई बोटांच्या टोकानं बाजूला सारते. मनात भरलेली साडी ती काठापाशी चिमटीत धरते, काठ उलटा करून मागचे धागे बघते, पदर अंगठ्यानं चोळते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हात परत येतो. तू पुढची उघडतोस, ती तोंडानं ‘हीपण छान’ म्हणते, आणि हात मात्र मागच्या साडीच्या काठावर तसाच असतो. तू सांगितल्यावर आरशासमोर खांद्यावर घेणं वेगळं आणि कुणी न सांगता आपणहून घेणं वेगळं. दुसरं दिसलं की मी साड्या उघडणं बंद करत असे.

तुझ्या गादीवर एकाच वेळी किती साड्या उघड्या असतात ते उद्या मोज. मी तीनच्या वर ठेवत नसे. चौथी उघडायची तर आधी एक घडी करून मागं. नको म्हटलेली साडी समोर पडून राहिली की हात कुठं परत जातोय ते तुलाच दिसत नाही, इतका पसारा होतो. आणि तिलाही आपल्या मनात काय आहे ते सापडत नाही. चाळीस साड्या बघून बाई थकते, आणि थकलेली बाई निवडत नाही, उठते. तुझ्या ‘फिरून येतो’मधले निम्मे तरी ह्या थकव्याचे आहेत असं मला वाटतं.

कधी प्रश्न साडीचाच असतो पण त्यात खूण लपलेली असते. इरकल बघायला आलेली बाई विचारते, ‘हाच पदर, पण अंग दुसऱ्या रंगाचं आहे का?’ घाईत तू म्हणशील, ही साडी आवडली नाही. तसं नाही, तिचा पदर ठरलेला आहे. इरकलमध्ये अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा असतो, दोन्ही कोंडी घालून एकमेकांत अडकवतात. तो लाल-पांढरा टोपेतेनी पदर तसाच ठेवून अंगाचा रंग बदललेल्या साड्या असतात. त्यामुळे पदर बदलून दाखवायचा नाही. पदर तोच आणि अंगाचे दोन रंग समोर ठेवायचे, ‘हिरवं की जांभळं?’ म्हणायचं. दोनच. ही निवड ती हसतहसत करते, कारण अवघड निवड तिनं आधीच केलेली असते. दोनातलं एक विचारायची ही रीत तुला मामांनीही सांगितली असेल. ती पहिल्या पाच मिनिटांत वापरली तर उद्धट वाटते. पदर ठरल्यावर वापरली तर सोयीची वाटते.

आपल्या गावची एक गोष्ट बाहेरच्यांना सांगून कळणार नाही, तुला कळेल. इथं गिऱ्हाईक तुझ्याशी एका भाषेत बोलतं आणि आपसात दुसऱ्या. चंदगड-गडहिंग्लजकडची मराठी, हुक्केरी-गोकाककडची कानडी, गोव्याहून आलेली कोकणी. खरं बोलणं आपसातल्या भाषेत होतं. तुझ्याशी ‘बघतो, बघतो’ चाललेलं असतं आणि तिकडं जाऊ जाऊला म्हणते, ‘छलो ऐति, तगोळ्ळूण,’ म्हणजे चांगली आहे, घेऊया. किंवा मराठीत हळूच, ‘बरी दिसतीया की गे, आणि किती बघायचं?’ ऐकू येणं ही खूण आहेच, पण चोरून ऐकू नकोस. कानडी घरातलं गिऱ्हाईक बसलं की पहिल्याच वाक्यात दोन शब्द कानडी बोल, म्हणजे तुला कळतं हे त्यांना कळेल. मी तसंच करत असे. लोक त्यामुळे बोलायचे थांबत नाहीत, उलट मोकळं बोलतात. आणि लपवून ऐकलेल्या बोलण्याचा आधार घेऊन तू भाव धरलास आणि नंतर उघडकीला आलं, तर ते घर गेलंच, त्यांच्या भावकीतली चार घरंही गेली.

आवाज खाली गेला की कान दे, पण तोंड बंद ठेव. आपसात हळू बोलणं सुरू झालं की बहुतेक वेळा भावाचं नाहीतर मानाचं बोलणं चाललेलं असतं. तेव्हा तू मधेच साडीचं कौतुक सुरू केलंस तर त्यांचं जुळत आलेलं बिघडतं. घड्या घालत बस. पाणी सांग.

फसवणाऱ्या खुणाही असतात, त्यात दोन मोठ्या आहेत. बसता बसता किंमत विचारणं किंवा ‘किती सोडणार?’ म्हणणं ही घेण्याची खूण नाही, ती सवय आहे. कुठल्याही साडीला हात न लावता केलेली घासाघीस ऐकून दर खाली आणलास तर पुढच्या सगळ्या साड्यांचा दर तिथूनच सुरू होतो. एकाच साडीवर हात ठेवून, बाकीच्यांकडे न बघता, ‘हिचं शेवटचं काय ते सांगा’ म्हणणं ही मात्र जवळजवळ पक्की खूण. दुसरी फसवी खूण म्हणजे फोटो. फोटो काढला म्हणजे आवडली असं मी बरीच वर्षं समजत होते. फोटो कशाचा काढलाय ते बघ. साडी खांद्यावर घेऊन काढला तर तो घरी कुणाला तरी विचारायला आहे, म्हणजे निर्णय घेणारं माणूस गादीवर नाही. फक्त किमतीच्या चिठ्ठीचा काढला तर तो पुढच्या दुकानात दाखवायला आहे.

निर्णय घेणारं माणूस समोर नसेल तर ‘बांधू का?’ विचारायचंच नाही. तिला ‘हो’ म्हणायचा अधिकारच नाही, तिला ओशाळं करून काय मिळणार? तेव्हा मदत करायची. ‘ट्यूबखाली रंग फिका येतो, दाराशी उजेडात धरा, मग काढा फोटो.’ पदराचा एक, काठाचा एक. फोन लागला तर ‘मी सांगू का कापडाचं?’ एवढंच. किती वेळा तो फोन माझ्याच हातात आला आहे आणि पलीकडच्या आजीनं बुधवार-गुरुवारचं विचारलं आहे.

बस्त्यात तर हे सर्वांत अवघड, कारण तिथं नेसणारी एक, पैसे देणारी दुसरी आणि मान तिसरीचा. एक बस्ता तपशिलानं सांगते, म्हणजे हे सगळं एकत्र कसं येतं ते दिसेल.

मार्गशीर्षातली गोष्ट. नवरी मुलगी, तिची आई, मुलाकडची वरमाई, मुलाची आत्या आणि मुलाचा धाकटा भाऊ. माणसं चंदगड तालुक्यातली, आत्या मात्र हुक्केरीकडं दिलेली, त्यामुळे तिच्या तोंडात अर्धी कानडी. शालू मुलाकडून. वरमाईनं बसताच सांगितलं, पंधरा हजारापर्यंत. मी साडी काढायच्या आधी विचारलं, लग्न कितीला लागणार? गोरज मुहूर्त म्हणाल्या. म्हणजे दिव्यांच्या उजेडात नेसायची, तेव्हा फिके रंग मी काढलेच नाहीत. मरून, राणी आणि मोरपंखी अशा तीन ठेवल्या. नवरीनं राणी रंगाच्या काठाला हात लावला आणि लगेच काढून घेतला, कारण सासू समोर. मी ते बघितलं आणि काही बोलले नाही. मोरपंखी मागं गेली, एक वांगी रंगाची आली, ती गेली, मग राणीतलीच वेगळ्या काठाची. सातव्या साडीला सगळ्यांचं लक्ष सातवीकडे, आणि मुलीचा हात गादीवरून सरकत पुन्हा त्या पहिल्या राणी साडीच्या काठावर.

अशा वेळी तिला ‘तुला कुठली आवडली?’ असं विचारलं तर काय होतं? ती म्हणते, ‘आई म्हणतील ती.’ बरोबरच आहे, चारचौघांत होणाऱ्या सासूसमोर ती दुसरं काय म्हणेल? म्हणून मी तिला विचारलं नाही. बाकीच्या घड्या घालून मागं सारल्या, राणी आणि मरून दोनच ठेवल्या, आणि राणी तिच्या खांद्यावर घालून वरमाईंकडे वळून म्हटलं, ‘तुम्ही जरा लांबून बघा, जवळून रंग कळत नाही.’ वरमाई उठून दोन पावलं मागं गेल्या. आत्यानं भाच्याला म्हटलं, ‘छलो ऐति नोड.’ भाच्यानं फोटो काढला. मी गप्प. मग वरमाई बसल्या आणि विचारलं, ‘ब्लाऊज ह्यातलाच येतो की वेगळा?’

हीच ती वेळ. नेसणाऱ्या मुलीचा हात, आत्याचा शब्द आणि पैसे देणाऱ्या वरमाईंचा प्रश्न, तिन्ही एकाच साडीवर आलेले. ह्यातलं एक जरी नसतं तरी मी थांबले असते. मी म्हटलं, ‘ह्यातलाच. मुलगी बारीक आहे, कोपरापर्यंत बाही बसेल. शिवायला गावात देणार की इथं?’ त्या म्हणाल्या, ‘इथंच, पुढच्या शनिवारी न्यायला येऊ.’ मी चिठ्ठीवर शनिवार लिहिला. तेव्हा त्यांनी किंमत विचारली. सोळा हजार चारशे.

‘पंधरा म्हटलं होतं की ओ मी.’ म्हटलं होतंच, आणि पंधराच्या वरची साडी समोर ठेवताना मी तसं सांगायला हवं होतं, ती माझी चूक. ती मी मान्य केली. मग त्या म्हणाल्या, ‘शेवटचं सांगा.’ इथं तू लगेच आकडा सांगशील. सांगायचा नाही. मी विचारलं, ‘आधी सांगा, साडी हीच ना? रंगाबद्दल काही राहिलंय का? मग दराचं मालकांना विचारते.’ हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. रंगाबद्दल मनात शंका असेल तर ती दर कमी केल्यानं जात नाही. दरही जातो आणि साडीही राहते. वरमाईंनी मुलीकडे बघितलं, पहिल्यांदाच थेट विचारलं, ‘ही ना गं?’ मुलीनं मान हलवली. आता दराचं बोलणं खरं झालं.

मी मालकांकडे जाऊन आले आणि म्हटलं, ‘पंधरा हजार आठशे, फॉल-पिको आमच्याकडून. ह्याच्या खाली माझ्या हातात नाही.’ आणि गप्प बसले. हे गप्प बसणं मला शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला. आकडा सांगितला की पुढचे पाच-सात श्वास अंगावर येतात. वाटतं काहीतरी बोलावं, आणि आपण बोलतो तेव्हा नेमकं ‘बरं, अजून दोनशे’ हेच तोंडातून निघतं. समोरची माणसं त्या वेळात नाही म्हणत नसतात, हिशोब करत असतात. पंधराला आठशे कुठून जोडायचे, मानाच्या साड्यांतून काढता येतील का, हे त्यांचं चाललेलं असतं. त्यांना तो वेळ द्यायचा. नजर रोखून बसायचं नाही, तेही दडपण आहे. मी साडीची घडी घालत होते, हळू. आत्या म्हणाली, ‘तगोरी वैनी, एकदाच तर लगीन.’ वरमाईंनी पिशवी उघडली.

पैसे घ्यायच्या आधी मी एक वाक्य बोलले, ‘जर टेस्टेड आहे, चांदीची नाही, हे माहीत असू दे.’ त्या म्हणाल्या, ह्या किमतीत चांदीची कुठली येणार, माहीत आहे. त्यानंतर त्या साडीबद्दल मी एक शब्दही बोलले नाही. ‘फार छान निवडलीत, सगळ्यांत भारी हीच’ वगैरे काही नाही. ठरलेल्या साडीचं पुन्हा कौतुक केलं की ऐकणाऱ्याला वाटतं, ही एवढी का सांगतेय? बॉक्समध्ये घालायची, पावती द्यायची, शिंप्याचं सांगायचं. मानाच्या साड्यांचा विषय त्यांनीच काढला, कारण आठशे त्यातूनच भागवायचे होते. म्हणून मी त्या हलक्या दराच्याच दाखवल्या.

‘ही शेवटचीच आहे,’ ‘आज संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे हिच्यासाठी’ असलं काही बोलू नकोस, मामांनी सांगितलं तरी. खरंच एक नग असेल तर सांग, हातमागाच्या साडीत ते पुष्कळदा खरं असतंही. पण खोटं असेल तर खडेबाजार आहे केवढा? अर्ध्या तासात तीच साडी तिला दुसऱ्या गादीवर दिसते, आणि मग तुझं खरंही खोटं ठरतं.

आता ‘फिरून येतो’चं. खुणा बघूनही काही जण उठतीलच, आणि उठणाऱ्याला दारात अडवायचं नाही. उठल्यावर एकच विचार, ‘ह्यातली कुठली तुमच्या डोक्यात राहणार? तिचा नंबर आणि दर लिहून देतो.’ तिनं एका साडीकडे बोट दाखवलं तर तुझं काम झालं. चिठ्ठी दे, संध्याकाळपर्यंत बाजूला ठेवतो म्हण, आणि खरंच बाजूला ठेव. ‘सगळ्याच छान होत्या’ म्हणाली तर एकही बसलेली नाही. तेव्हा ती परत येणार नाही हे आत्ताच समजून घे आणि मनाला लावून घेऊ नकोस. क्वचित कुणी बोट दाखवता दाखवता पुन्हा बसतं. बसलं तर दुसऱ्या साड्या काढू नकोस, तीच एक पुढं ठेव आणि विचार, ‘हिच्यात काय खटकतंय?’ बहुतेक वेळा दर नसतो. काठ मोठा वाटतो, नाहीतर रंग घरातल्या कुणाच्या तरी साडीसारखा असतो. ते कळलं तर तुझ्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी असतं.

मामांशी वाद घालू नकोस, बाळा. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, बिलाचा विषय निघायलाच पाहिजे. पंधरा दिवस एक वही गादीखाली ठेव. प्रत्येक बिलानंतर दोन गोष्टी लिही. गिऱ्हाइकानं बिलाच्या आधी शेवटचं काय विचारलं आणि त्यानंतर तू आणखी किती साड्या उघडल्यास. जी उठून गेली त्यांच्यासाठीही हेच लिही. मग दोघं बसून ती पानं वाचा. दुसऱ्या रकान्यात कुठं शून्य आहे आणि कुठं चार, ते मामांना तूच बोट ठेवून दाखव.